एकेका चलाने मागे जाताना: संरक्षी क्षेत्राचा विभव कसा काढतात

अवकाशातल्या प्रत्येक बिंदूपाशी एक बाण काढला आहे, त्याची लांबी तिथले बल किती ते सांगते आणि टोक बलाची दिशा दाखवते, अशी कल्पना केली की सदिश क्षेत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्येक बाणाचे x, y आणि z या दिशांना तीन घटक पडतात. त्यांना P, Q आणि R म्हणण्याची पद्धत आहे. हे तिन्ही घटक बिंदूगणिक बदलतात, म्हणजे प्रत्येक घटक x, y, z या तिन्ही चलांचे फलन असतो.

अशा क्षेत्रातून एखादी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली, तर बलाने केलेले कार्य साधारणपणे वाटेवर ठरते. लांबच्या वाटेने घर्षण जास्त खर्च करायला लावते, जवळच्या वाटेने कमी. काही क्षेत्रे मात्र वाटेची पर्वा करत नाहीत. गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायवाटेने जा की गाडीरस्त्याने, चढलेली उंची तेवढीच भरते. तसेच या क्षेत्रांतले कार्य फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूवर ठरते. त्यांना संरक्षी क्षेत्रे म्हणतात. गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्र आणि स्थिर विद्युत्‌भारांचे क्षेत्र ही त्यांची ठळक उदाहरणे.

वाटेशी संबंध नाही याचा अर्थ असा की प्रत्येक बिंदूला एक संख्या जोडता येते आणि दोन बिंदूंमधले कार्य म्हणजे त्या दोन संख्यांची वजाबाकी. ही संख्या देणारे फलन f म्हणजेच विभव फलन. क्षेत्राचे तीन घटक हे या एकाच फलनाचे तीन आंशिक अवकलज असतात:

∂f/∂x = P,  ∂f/∂y = Q,  ∂f/∂z = R

आंशिक अवकलज म्हणजे बाकीची चले जागच्या जागी धरून एकाच चलाने काढलेला बदलाचा दर. भौतिकशास्त्रात स्थितिज ऊर्जा घेताना f ला उणे चिन्ह जोडतात, कारण बल ऊर्जा कमी होण्याच्या दिशेने ओढते. गणिताच्या पुस्तकांत ते चिन्ह सहसा नसते. दोन्हीकडची पुस्तके वाचणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले की पुरे.

f हाती असेल तर P, Q, R काढणे हे नुसते अवकलन आहे. प्रश्न उलटा असतो: P, Q, R दिले आहेत, f शोधायचे आहे. तीन अटी, अज्ञात फलन एकच. तिन्ही अटी एकदम सोडवायला जाण्याऐवजी त्या एकापाठोपाठ एक वापरायच्या, आणि प्रत्येक अटीतून f ची जेवढी माहिती मिळते तेवढीच घ्यायची, हे या रीतीचे सूत्र आहे.

सगळी मेख पहिल्याच पायरीत आहे. ∂f/∂x = P या अटीचे x ने समाकलन केले की f मिळायला हवे. एका चलाच्या गणितात समाकलनानंतर + C लिहायची सवय असते, कारण स्थिरांकाचा अवकलज शून्य. पण इथे y आणि z स्थिर धरून समाकलन चालले आहे. x ने अवकलन करताना जे जे शून्य होते, त्यात केवळ ५ किंवा ७ अशा संख्या येत नाहीत. y², sin z, y²z³ हे सगळे येते. तेव्हा C च्या जागी y आणि z यांचे एक आख्खे अज्ञात फलन लिहावे लागते. त्याला g(y, z) म्हणू. x च्या नजरेला ते स्थिर आहे, इतरांच्या नजरेला नाही. परीक्षेच्या वह्यांत या ठिकाणी नुसता C दिसला की पुढचे सगळे उत्तर बिघडणार हे तपासणाऱ्याला तिथेच कळते.

पुढचे काम g शोधण्याचे. ते एका उदाहरणातून नीट दिसते. समजा,

P = 2xy + 3z
Q = x² + 2yz³
R = 3x + 3y²z² + 4

पहिली पायरी. y आणि z यांना संख्या समजून P चे x ने समाकलन करायचे. 2xy चे x²y होते, 3z चे 3xz होते. म्हणून

f = x²y + 3xz + g(y, z)

x ने जे सांगायचे होते ते इथे संपले. P या घटकाकडे आता पुन्हा पाहायची गरज नाही.

दुसरी पायरी. हाती आलेल्या f चे y ने अवकलन करायचे. x²y चे x² होते, 3xz मध्ये y नाही म्हणून ते जाते, आणि g चा अवकलज ∂g/∂y म्हणून तसाच राहतो. हे सगळे Q इतके असले पाहिजे:

x² + ∂g/∂y = x² + 2yz³

दोन्हीकडचे x² कटते. ∂g/∂y = 2yz³ एवढेच उरते. याचे y ने समाकलन केले की g = y²z³. पण याही वेळी z स्थिर धरला होता, म्हणून या वेळचा ‘स्थिरांक’ हे z चे फलन असेल. त्याला h(z) म्हणू:

f = x²y + 3xz + y²z³ + h(z)

तिसरी पायरी. आता z ने अवकलन करून R शी ताडून पाहायचे:

3x + 3y²z² + h′(z) = 3x + 3y²z² + 4

3x कटते, 3y²z² कटते, आणि h′(z) = 4 उरते. म्हणून h = 4z + C. हा शेवटचा C मात्र खरोखरीचा स्थिरांक, कारण ज्यावर तो अवलंबून असू शकेल असे एकही चल आता उरलेले नाही.

f = x²y + 3xz + y²z³ + 4z + C

उत्तर बरोबर आहे का हे ठरवायला कुणाला विचारावे लागत नाही. f चे तिन्ही चलांनी अवकलन करून P, Q, R परत मिळतात का ते पाहायचे. दुसरा, जरा जास्त पटणारा ताळा कार्याचा. (0, 0, 0) पासून (1, 2, 1) पर्यंत जायचे आहे. विभवाने उत्तर एका ओळीत येते: 2 + 3 + 4 + 4, म्हणजे १३. तेच सरळ रेषेने जाऊन काढायचे तर x = t, y = 2t, z = t घेऊन घटक त्या रेषेवर मोजावे लागतात. बेरीज केली की 20t⁴ + 6t² + 6t + 4 या बहुपदीचे 0 ते 1 समाकलन उरते. ते 4 + 2 + 3 + 4, पुन्हा १३. विभव हाती असला की हे सगळे गणित टळते, आणि वाट वाकडीतिकडी असेल तर ही बचत फारच मोठी ठरते.

या उदाहरणात एक गोष्ट सहज घडून गेली, तिच्याकडे थांबून पाहिले पाहिजे. दुसऱ्या पायरीत x² दोन्हीकडून कटले. ते कटले नसते तर? g हे फक्त y आणि z चे फलन आहे, त्याच्या अवकलजात x येऊच शकत नाही. Q मध्ये x² ऐवजी 5x² असते, तर ∂g/∂y = 4x² + 2yz³ असे काहीतरी मिळाले असते आणि गाडी तिथेच अडकली असती. तेव्हा x चे कटणे हा योगायोग नव्हता. क्षेत्र संरक्षी होते म्हणून ते कटले.

याचे कारण एका ओळीचे आहे. उजवीकडे जे उरते ते म्हणजे Q मधून, P च्या समाकलाचा y ने काढलेला अवकलज वजा केला की जे राहते ते. या शिल्लक राशीत x आहे का हे पाहण्यासाठी तिचेच x ने अवकलन करावे. मिळते ∂Q/∂x − ∂P/∂y. हे शून्य असेल तर शिल्लक राशी x पासून मुक्त, नसेल तर नाही. एखादे फलन आधी x ने व मग y ने अवकलित केले काय, किंवा उलट क्रमाने केले काय, उत्तर तेच येते (फलन पुरेसे गुळगुळीत असेल तर). म्हणून f अस्तित्वात असेल तेव्हा ∂P/∂y आणि ∂Q/∂x सारखे असावेच लागतात. हीच अट x–z आणि y–z या जोड्यांनाही लागू होते. वरच्या उदाहरणात पहिल्या जोडीचे दोन्ही अवकलज 2x, दुसरीचे 3 आणि तिसरीचे 6yz² आहेत.

ही अट प्रसिद्धीला आणणाऱ्यांत फ्रेंच गणिती अलेक्सी क्लेरो यांचे नाव पुढे येते. १७३६-३७ साली लॅपलंडमध्ये पृथ्वीची मोजणी करायला गेलेल्या मोपेर्त्युई यांच्या मोहिमेत ते होते, आणि १७४३ साली त्यांनी पृथ्वीच्या आकारावर ग्रंथ लिहिला. पृथ्वी द्रवरूप मानली तर ती कोणत्या आकारात स्थिर राहील, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी द्रवातून जाणाऱ्या बारीक कालव्यांची कल्पना केली. कालवा वळून स्वतःला येऊन मिळत असेल आणि बलांचे एकूण फळ त्या फेरीत शून्य नसेल, तर आतला द्रव कायम फिरतच राहील. तसे व्हायचे नसेल तर बलाच्या घटकांनी अवकलजांची ही अट पाळली पाहिजे. आज पाठ्यपुस्तकात कोरड्या समीकरणासारखी दिसणारी अट अशी समतोलाच्या प्रश्नातून पुढे आली. गुरुत्वाकर्षणाचे घटक एकाच फलनाच्या अवकलजांतून मिळतात ही कल्पना पुढे लाग्रांज यांनी वापरली, आणि १८२८ साली नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीन यांनी आपल्या निबंधात अशा फलनाला ‘पोटेन्शियल फंक्शन’ हे नाव दिले. ग्रीन व्यवसायाने पिठाची गिरणी चालवत.

अट मोडलेले क्षेत्र कसे ओळखू येते हे पाहायला सर्वांत सोपे क्षेत्र पुरेसे आहे: P = −y, Q = x. बाण आदिबिंदूभोवती गोल गोल फिरतात. −y चे x ने समाकलन −xy + g(y). त्याचे y ने अवकलन −x + g′(y). ते x इतके हवे, म्हणून g′(y) = 2x. डावीकडे फक्त y, उजवीकडे x. हे होणे शक्य नाही, म्हणून विभवही नाही. इथे समाकलन चुकलेले नसते. ही रीत विभव नसलेल्या क्षेत्राचा विभव देत नाही, आणि तो नाही हेही त्याच कागदावर सांगते. तरीसुद्धा अट आधी तपासणे केव्हाही बरे; तीन अवकलजांच्या जोड्या पाहणे लांबलचक समाकलनापेक्षा स्वस्त पडते.

विद्यार्थ्यांमध्ये एक आडवाट फार चालते. P चे x ने, Q चे y ने, R चे z ने वेगवेगळे समाकलन करायचे आणि तिन्ही उत्तरे बेरजेला घालायची. वरच्या उदाहरणात असे केले तर x²y दोनदा, 3xz दोनदा आणि y²z³ दोनदा येते, आणि उत्तर साफ चुकते. मग सुधारणा म्हणून ‘सारखे पद एकदाच घ्या’ असा नियम केला जातो. साध्या बहुपदींत तो चालतोही. पण पदे वेष बदलून आली की फसवतो. P = 2(x + y), Q = 2(x + y) घ्या. एकाने x ने समाकलन करून (x + y)² लिहिले, y ने करताना 2xy + y² लिहिले. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, दिसायला मात्र पदे वेगळी आहेत, म्हणून ‘एकदाच’ च्या नियमाने दोन्ही घेतली जातात. बेरजेत 2xy आणि y² दोनदा मोजले गेले. आळीपाळीच्या रीतीत हे होत नाही: (x + y)² + g(y) चा y ने अवकलज 2(x + y) + g′(y), तो Q शी ताडला की g′ = 0, आणि काम संपले. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीत काय येऊन गेले आहे हे माहीत असते.

सुरुवात x नेच करावी असा नियम नाही. ज्या घटकाचे समाकलन सोपे तो आधी घ्यावा. ज्यात थोडी पदे आहेत किंवा घटकच शून्य आहे, तिथून सुरू केले तर निम्मे काम वाचते.

या पायऱ्यांना भूमितीतही अर्थ आहे, आणि तो कळला की रीत पाठ करावी लागत नाही. उदाहरणातल्या f चे तीन तुकडे पुन्हा पाहा: 4z, y²z³, आणि x²y + 3xz. आदिबिंदूपासून (x, y, z) पर्यंत अक्षांना समांतर अशा तीन सरळ टप्प्यांनी गेले, आधी z च्या दिशेने वर, मग y च्या दिशेने, शेवटी x च्या दिशेने, तर प्रत्येक टप्प्यावरचे कार्य नेमके हेच तुकडे देते. पहिल्या टप्प्यात x आणि y शून्य, R चे फक्त 4 उरते, कार्य 4z. दुसऱ्यात x शून्य, Q चे 2yz³ उरते, कार्य y²z³. तिसऱ्यात P पूर्ण. म्हणजे h ही z अक्षावरची कमाई, g त्यात y च्या टप्प्याची भर घालून झालेली, आणि f संपूर्ण प्रवासाची. समाकलन ज्या क्रमाने केले त्याच्या उलट क्रमाने वाट चालली जाते.

गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्राला ही रीत लावली तर ती चकित करण्याइतकी लवकर आटोपते. r म्हणजे आदिबिंदूपासूनचे अंतर, r² = x² + y² + z², आणि k म्हणजे वस्तुमाने व गुरुत्वस्थिरांक यांचा गुणाकार. तेव्हा P = −kx/r³, Q = −ky/r³, R = −kz/r³. पहिल्याचे x ने समाकलन k/r + g(y, z). त्याचे y ने अवकलन −ky/r³ + ∂g/∂y, म्हणून ∂g/∂y शून्य. z नेही तेच. पहिल्याच समाकलनात सगळे उत्तर आले: f = k/r + C. अनंत अंतरावर विभव शून्य मानायचा संकेत धरला की C नाहीसा होतो, आणि उणे चिन्हासह स्थितिज ऊर्जेचे नेहमीचे −k/r हे सूत्र मिळते.

एक क्षेत्र मात्र असे आहे की ते अटही पाळते, समाकलनही बिनतक्रार होते, आणि तरीही विभव मिळत नाही:

P = −y/(x² + y²),  Q = x/(x² + y²)

लांब सरळ तारेतून वीज वाहताना तिच्याभोवती जे चुंबकीय क्षेत्र असते, ते एका स्थिर गुणकाचा फरक सोडला तर हेच. ∂P/∂y आणि ∂Q/∂x दोन्ही (y² − x²)/(x² + y²)² येतात. P चे x ने समाकलन −arctan(x/y) + g(y), आणि y ने ताडून पाहिल्यावर g′ = 0. उत्तर तयार झाल्यासारखे दिसते. पण x/y मध्ये y शून्य असता येत नाही. x अक्षाच्या वर एक सूत्र आहे, खाली एक, आणि दोन्हीकडचे स्थिरांक वेगवेगळे असू शकतात. ते जुळवून सांधा मिटवायचा प्रयत्न करू. x अक्षाच्या उजव्या अर्ध्या भागावर वरून आले की −arctan(x/y) ची किंमत −π/2 कडे जाते, खालून आले की +π/2 कडे. सांधा जुळायला खालचा स्थिरांक वरच्यापेक्षा π ने कमी हवा. डाव्या अर्ध्या भागावर हेच उलट होते, खालचा स्थिरांक π ने जास्त हवा. दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या होत नाहीत. त्यांतला फरक 2π, आणि तारेभोवती एक फेरी घातल्यावर क्षेत्राचे समाकलनही नेमके 2π येते.

गुरुत्वाकर्षणाचे क्षेत्रही आदिबिंदूपाशी निरर्थक होते, पण तिथे काही बिघडत नाही. अवकाशातून एकच बिंदू वगळला तर त्याच्याभोवतीचा कोणताही फास बाजूला सरकवून आवळता येतो. तारेचे तसे नाही. तिथे आख्खी रेषा वगळली जाते, आणि तिच्याभोवतीचा फास सुटत नाही. म्हणून अवकलजांच्या जोड्या तपासण्याआधी वाचकाने छेद कुठे शून्य होतो ते पाहून घ्यावे. तो सपाटीत एखाद्या बिंदूवर, किंवा अवकाशात एखाद्या अमर्याद रेषेवर शून्य होत असेल, तर अट पाळली गेली तरी विभव आहे असे धरून चालू नये. त्याभोवती एक फेरी मारून कार्य शून्य येते का ते मोजावे.